आगोटीची कामं: कुठला रिमाइंडर कुठल्या आठवड्यात

*पेणला आईवडिलांचं १९९९ मध्ये बांधलेलं स्लॅबचं घर आहे. वर ३० बाय २० फुटांची गच्ची, मागे पत्र्याची पडवी. मी ठाण्यात असतो, जाणं फक्त शनिवार-रविवारी होतं. दरवर्षी मेच्या शेवटी सगळी कामं एकदम काढतो, गच्चीवर कोटिंगही मारलं, तरी हॉलच्या कोपऱ्यात गळतंच. गच्ची, गटारं, माळ्यावरचं सामान हे सगळं आठवड्यांत वाटून मोबाइलवर रिमाइंडर लावायचे आहेत. कुठला कधी लावू?*

नमस्कार. रायगड आणि ठाणे जिल्ह्यांत वॉटरप्रूफिंगची आणि घरदुरुस्तीची कामं करून मला आता बावीस वर्षं झाली. तुमच्यासारखी घरं मी दर उन्हाळ्यात बघतो. त्या अनुभवावरून सांगतो, सगळी कामं मेअखेरीस एकदम निघतात तिथेच घोटाळा होतो. या कामांपैकी प्रत्येक काम आधीच्या कामाच्या उत्तरावर उभं असतं. गळतं कुठून हे कळल्याशिवाय काय दुरुस्त करायचं ते ठरत नाही. दुरुस्ती वाळल्याशिवाय तिच्यावर कोटिंग बसत नाही. आणि घराचा कुठला कोपरा यंदा कोरडा राहणार हे कळल्याशिवाय सामान कुठे ठेवायचं तेही ठरत नाही. म्हणून रिमाइंडर कामांच्या यादीवरून न लावता वाळण्याच्या वेळेवरून, उलट्या दिशेने मोजत लावायचे.

उलटं मोजायचं तर शेवटची तारीख पक्की हवी. पंचांगाच्या हिशेबाने मृग ७-८ जूनला लागतो आणि हवामान खात्याच्या सरासरीप्रमाणे मुंबईत मान्सून ११ जूनला येतो. पण २०२३ मध्ये तो मुंबईत २५ जूनला आला आणि २०२५ मध्ये २६ मेलाच येऊन धडकला. दोन वर्षांत महिन्याचा फरक. २०२५ मध्ये तर मान्सूनच्या आधीही मेमध्ये जोरदार पाऊस झाला होता आणि आमच्या तीन साइट तशाच उघड्या सापडल्या. तेव्हापासून मी सगळ्यांना २० मे ही तारीख देतो. त्या दिवशी गच्ची वाळलेली, पाइप मोकळे आणि सामान बंद, असं पाहिजे. मधे वळीव येऊन दोन-चार दिवस खाणार हे धरूनच चालायचं. तुमच्याकडे फक्त शनिवार-रविवार आहेत, म्हणजे एप्रिलच्या पहिल्या शनिवारपासून २० मेपर्यंत तुमच्या हातात साधारण सात फेऱ्या येतात. त्या पुरतात.

पहिली फेरी: हात न लावता फक्त बघायचं

या फेरीत मिस्त्रीला बोलावू नका. एक खडू, एक पेन्सिल आणि मोबाइल घेऊन घरात फिरा. छताचा प्रत्येक डाग, त्याचं जवळच्या दोन भिंतींपासूनचं अंतर आणि त्याचा फोटो घ्या. मग तीच अंतरं गच्चीवर मोजून खडूने फुली मारा. फुलीच्या आसपास काय दिसतं ते नोंदवा. कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तिथली फट, पाइपाचं तोंड, टाकीचे ओटे, डिश अँटेनाचे बोल्ट. डिश बसवणारा माणूस ड्रिल मारून निघून जातो आणि त्या चार भोकांतून पाणी उतरतं, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

मात्र डागाच्या बरोबर वर फट असेलच असं धरू नका. पाणी स्लॅबमध्ये शिरलं की ते आतल्या वायरिंगच्या पाइपातून किंवा कोब्याखालून चालत जातं. नागोठण्याच्या एका घरात पंख्याच्या वाटीतून थेंब पडत होते आणि घरच्यांनी दोन वर्षं पंख्याच्या वरचीच गच्ची रंगवली होती. फट निघाली तिथून आठ फुटांवर, कठड्याच्या मुळाशी. तुमचं हॉलच्या कोपऱ्यातलं गळणंही कोटिंग मारून थांबलेलं नाही, यावरून मला तोच संशय येतो. कोटिंग सपाट जागेवर मारलं जातं. कठड्याच्या मुळाशी ब्रश नुसता फिरवला जातो आणि फट तशीच राहते.

भिंतीचा डाग जमिनीपासून दोन-अडीच फुटांतच असेल आणि तिथे पांढरा खार फुटून पापुद्रे सुटत असतील, तर ती ओल जमिनीतून वर चढलेली असते. गच्चीवर काहीही केलं तरी ती जात नाही. तिची दुरुस्ती वेगळी आणि मोठी आहे, ती यंदाच्या यादीत घेऊ नका. यंदा फक्त त्या भिंतीला टेकून काही ठेवायचं नाही, एवढंच लिहून ठेवा.

याच फेरीत आणखी एक छोटं काम उरका. कठड्याच्या मुळाशी किंवा गच्चीवर ज्या फटी दिसतील, त्यांच्यावर आडवे व्हाइट सिमेंटचे पातळ टिकले लावा, दोन इंच लांब, आणि शेजारी पेन्सिलीने तारीख घाला. पुढच्या शनिवारी टिकला अखंड असेल तर फट बहुधा जुनी आणि स्थिर आहे. टिकल्याला केसासारखी चीर गेली असेल तर फट हलते आहे. दिवसा ऊन आणि रात्री गारवा यांत स्लॅब फुगते आणि आकसते, तिच्याबरोबर फटही उघडझाप करते. अशा फटीत सिमेंट भरलं तर ते पुन्हा चिरतं, तिथे लवचिक सीलंटच लागतं. हा आठवड्याचा निकाल मेअखेरीस एका दिवसात मिळत नाही, म्हणून तुम्हाला दरवर्षी अंदाजावर काम करावं लागतं.

दुसरी फेरी: पाणी ठेवून बघणं

आता गच्चीवर पाणी कोंडून चाचणी. लोक एकदम पूर्ण गच्ची भरतात, ते तुम्ही करू नका. ६०० चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे साधारण १,४०० लिटर. एप्रिलमध्ये एवढं पाणी वाया घालवणं बरं नाही, आणि सगळीकडे पाणी असेल तर गळलं तरी कुठून ते कळत नाही. त्यापेक्षा तुमच्या फुलीजवळ, कठड्याला लागून १० बाय ६ फुटांचा तुकडा घ्या. तीन बाजूंनी चिकणमातीचा चार इंच उंच बांध घाला, चौथी बाजू कठड्याची. यात एक इंच पाण्याला १४० लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या नऊ-दहा बादल्या पुरतात.

शनिवारी सकाळी भरायचं आणि रविवारी संध्याकाळपर्यंत ठेवायचं. शेजारी एका स्टीलच्या परातीत तेवढंच खोल पाणी घालून ठेवा आणि दोन्हीकडे पातळीची खूण करा. एप्रिलच्या उन्हात दिवसाला काही मिलिमीटर पाणी नुसतं वाफ होऊन जातं. परातीतलं आणि तुकड्यातलं पाणी सारखंच उतरलं तर काळजी नाही. तुकड्यातलं ठळकपणे जास्त उतरलं तर पाणी कुठेतरी मुरतं आहे, खाली डाग अजून दिसत नसला तरी. फक्त आधी बांधातून झिरपत नाही ना ते बघून घ्या, नाहीतर मातीचा दोष गच्चीवर जातो. खाली हॉलमध्ये दर दोन-तीन तासांनी हात लावून बघायचं काम आईंकडे द्या. डाग दिसायच्या आधी जागा गार लागते.

एक अपवाद आहे. स्लॅबच्या खालचं प्लास्टर फुगलं असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत असेल किंवा गंजलेली सळई दिसत असेल, तर तिथे पाणी अजिबात कोंडू नका. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या घरात, खाडीच्या खाऱ्या हवेजवळ, हे असू शकतं.

आणि या चाचणीत कोंडलेल्या पाण्यानेच गळणारं सापडतं. वाऱ्याबरोबर भिंतीवर आपटणाऱ्या पावसाने जे गळतं, ते यात दिसत नाही. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून झोडपतो, तेव्हा हॉलचा तो कोपरा त्या दिशेला असेल तर बाहेरच्या भिंतीवर नळीने पाणी मारून बघा. सुरुवात खालून करायची. आधी जोत्याजवळ पंधरा मिनिटं, मग खिडकीच्या खालच्या कडेवर पंधरा मिनिटं, मग छज्ज्यावर, शेवटी कठड्याच्या बाहेरच्या अंगावर. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही.

तिसरी ते पाचवी फेरी: दुरुस्ती, आणि मधले रिकामे आठवडे

मिस्त्रीला दुसऱ्या फेरीच्या रविवारीच सांगून ठेवा. मे लागला की लग्नसराई आणि गावाकडची शेतीची तयारी यांत माणसं मिळत नाहीत. जी मिळतात ती चार ठिकाणी कामं धरून असतात.

तुमच्या कोपऱ्याचं उदाहरण धरून सांगतो. समजा कठड्याच्या मुळाशी सात-आठ फूट लांबीची फट निघाली आणि टिकला चिरला. तर मिस्त्रीने फट छिन्नीने साधारण एक सेंटीमीटर रुंद आणि तेवढीच खोल अशी उघडायची, ब्रशने धूळ काढायची आणि जागा पूर्ण कोरडी झाली की पॉलीयुरेथेन सीलंट भरायचं. ते जमलं, म्हणजे डब्यावर दिलेली वेळ गेली, की मग त्या कोपऱ्यात सिमेंट-वाळूचा गोलसर वाटा करायचा, तीन इंच वर आणि तीन इंच आत. काटकोनात पाणी आणि माती साठते आणि कोटिंगही तिथेच फाटतं, गोलाईवर ते टिकतं. वाळू-सिमेंटचं प्रमाण तीनास एक, आणि सिमेंटला धरून ठेवायला लेटेक्सचं द्रावण.

हे झालं तिसऱ्या फेरीत, म्हणजे एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी. आता वाट्याला किमान सात दिवस पाणी मारायचं. इथे तुमच्या वडिलांची मदत लागेल, पण त्यांनी भर उन्हात गच्चीवर चढू नये. ओली गोणपाटं वाट्यावर अंथरून ठेवा, सकाळ-संध्याकाळ त्यांच्यावर पाणी घातलं की भागतं. शेजारच्या एखाद्या मुलाला सांगितलं तर उत्तम. उन्हाळ्यात पाणी मारलं गेलं नाही की सिमेंट वरून कडक आणि आतून भुसभुशीत राहतं आणि नखाने खरवडलं तरी वाळू सुटते. तुम्ही पुढच्या शनिवारी गेलात की नखाने खरवडूनच बघा.

चौथ्या फेरीपासून पाणी बंद, नुसतं वाळू द्यायचं. बरेच लोक इथेच घाई करतात. ओल्या सिमेंटवर कोटिंग मारलं की खालची वाफ बाहेर येऊ बघते, कोटिंगला फोड येतात आणि जुलैपर्यंत त्याची सालं निघतात. तुमचं आधीचं कोटिंग फोड येऊन सुटलं असेल तर हेच कारण असावं. वाळलं का ते बघायची सोपी रीत अशी. दीड फूट चौरस जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, चारी कडा चिकटपट्टीने सील करून संध्याकाळी गच्चीवर लावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे निदान सोळा तासांनी, बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव जमलं असेल किंवा खालची जागा काळपट दिसत असेल तर अजून एक आठवडा थांबा. कोरडं असेल तर पाचव्या फेरीत, मेच्या पहिल्या शनिवारी, कोटिंग करा.

जुन्या कोटिंगचं जे सुटतं ते सगळं तारेच्या ब्रशने काढल्याशिवाय नवं मारू नका, नाहीतर नवं जुन्यासकट निघून येईल. पहिला हात पातळ, पाणी घालून, तो प्रायमरचं काम करतो. वाट्यावर पहिल्या जाड हाताबरोबर फायबरची जाळी दाबून बसवायची, मग त्यावर दुसरा जाड हात पहिल्याच्या आडव्या दिशेने. दोन हातांमधलं अंतर डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढं पाळा. कोटिंग कठड्यावर निदान सहा इंच वर चढवा. आणि हे काम सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर. मेच्या दुपारी गच्ची इतकी तापते की कोटिंग पसरायच्या आधीच वरून सुकतं आणि पकड घेत नाही.

इथे माझं एक स्पष्ट मत सांगतो. पाहणीत असं निघालं की जुना कोबाच पोकळ झाला आहे किंवा गच्चीला उतारच नाही (दहा फुटांना इंचभर तरी हवा), तर तो कोबा फोडायचं काम एप्रिलच्या मध्यानंतर सुरू करू नका. फोडणं, राडारोडा उचलणं, नवा विटांचा कोबा, त्याच्यावर पाणी साठवून क्युरिंग, या सगळ्याला महिना सहज जातो, आणि मेमध्ये एक वळीव आला तर फोडलेल्या गच्चीतून आधीपेक्षा दसपट पाणी घरात येतं. यंदा फटी भरून, कोटिंग करून आणि गरज पडली तर ताडपत्री टाकून पाऊस काढा. मोठं काम नोव्हेंबरात. मे महिन्यात कोबा फोडून द्यायला तयार असलेला ठेकेदार तुमचं हित बघत नाही.

सहावी फेरी: तीच चाचणी पुन्हा, आणि पाइप

कोटिंगला डब्यावर दिलेले दिवस मिळाले, साधारण आठवडा, की त्याच तुकड्यात तोच बांध आणि तीच परात. ही फेरी सगळेच चुकवतात. दुरुस्ती चुकली असेल तर ते तुम्हाला मेच्या मध्यात कळायला हवं, जुलैत नाही.

याच दिवशी पाणी जाण्याच्या वाटा तपासा. तासाला ५० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे काही विशेष नाही. तुमच्या गच्चीवर तेवढा पडला तर तासाला सुमारे २,८०० लिटर, म्हणजे मिनिटाला सत्तेचाळीसच्या आसपास, पंधरा लिटरच्या तीन बादल्या. दोन पाइप असतील तरी एक बंद पडणार असं धरून प्रत्येकाला हीच परीक्षा द्या. मिनिटभरात तीन बादल्या एकापाठोपाठ तोंडाशी ओता आणि बघा. पाणी साठून न राहता निघून जायला हवं. तुंबलं तर पाइपाच्या खालच्या तोंडाशी जा. पाणी उशिरा आणि बारीक येत असेल तर अडथळा पाइपात किंवा तोंडाच्या जाळीत आहे. खाली जोरात येतंय पण वर साठतंय, तर तोंडच गच्चीच्या पातळीपेक्षा उंच बसवलं आहे.

सपाट जाळी असेल तर बदला. एक प्लास्टिकची पिशवी किंवा आंब्याची चार पानं तिच्यावर बसली की ती झाकणासारखी बंद होते. घुमटाच्या आकाराची जाळी घ्या, तिच्या बाजूंनी पाणी जातं. आणि मिस्त्री आलेलाच असेल तर त्याच्याकडून कठड्यात, गच्चीपासून दोन इंचांवर, एक भोक पाडून बाहेर निघणारा छोटा पाइप बसवून घ्या. खालचा पाइप तुंबला तरी पाणी दोन इंचांपुढे चढणार नाही. ते बाहेर पडताना दिसलं की गच्ची तुंबली, हे आईवडिलांना अंगणातूनच कळेल. मात्र ते भोक पाडताना तिथेही सीलंट आणि वाटा हवा, नाहीतर एक नवी गळती तयार कराल. म्हणून हे काम तिसऱ्या फेरीत, कोपऱ्याच्या वाट्याबरोबरच उरकलं तर जास्त चांगलं.

जमिनीवरच्या गटाराचं थोडक्यात सांगतो. जोत्याभोवतीच्या कोब्याला फटी असतील तर त्या भरा, उतार घरापासून बाहेर हवा. गटारातला गाळ काढला की त्याच दिवशी लांब न्या. काठावर वाळायला ठेवलेला गाळ पहिल्या सरीत परत गटारात जातो. पडवीच्या पत्र्यावर जे बोल्ट आहेत त्यांचे रबरी वायसर उन्हाने तडकतात, ते बदला. पत्र्यावर चढताना पाय बोल्टच्या रेषेवर, म्हणजे खालच्या आधारावर ठेवा.

सामान: पाचवी आणि सातवी फेरी

सामान आवरायचं काम एका दिवसाचं समजू नका, आणि ते मेअखेरीस तर नकोच. आपल्या भागात मेच्या उत्तरार्धात हवा दमट व्हायला लागते. ऊन कडक लागतं, पण गाद्या आणि गोधड्या आतून तितक्या कोरड्या होत नाहीत. म्हणून वाळवणाचा रिमाइंडर पाचव्या फेरीला, मेच्या पहिल्या आठवड्यात. आईंचे पापड-कुरडया तेव्हाच वाळत असतील, त्यांना जागा कुठली लागते ते आधी विचारून घ्या. गच्चीवर मात्र काहीही वाळत घालू नका, तिथे कोटिंग चालू आहे.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे तापलेलं सामान तसंच बंद करणं. उन्हातून आणलेली गादी किंवा धान्य गरम असतानाच पिशवीत किंवा कोठीत भरलं की रात्री ते गार होतं आणि आतल्या हवेतली वाफ आतल्याच बाजूला थेंब होऊन जमते. तांदळाला जाळी धरते आणि गोधडीला तो कुबट वास येतो, त्याचं कारण बहुतेकदा हेच. दुपारी चारला सावलीत आणायचं, पसरून ठेवायचं, हाताला पूर्ण गार लागलं की दिवेलागणीच्या आत भरायचं. रेशमी साड्या उन्हात नकोच. सावलीत वाऱ्यावर, घडी मोडून नव्या रेषेवर घडी घालायची आणि सुती कापडात बांधायच्या.

भरलेलं सामान जागेवर लावायचं ते सातव्या फेरीत, दुसरी चाचणी झाल्यावर. तोवर तुमच्याकडे डागांचा नकाशा तयार असेल. माळ्यावरचा जो भाग पाइपाच्या किंवा त्या कोपऱ्याच्या खाली येतो, तिथे या वर्षी स्टीलची भांडी ठेवा, गाद्या आणि कागद नाहीत. दुरुस्ती चाचणीत पास झाली असली तरी एक पावसाळा तिच्यावर विश्वास टाकू नका. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, मागून हवा खेळली की पाठीमागे बुरशी धरत नाही. लोखंडी कपाटाच्या पायांखाली दोन इंचांचे ठोकळे द्या. सातबारा, खरेदीखत, पॉलिसीचे कागद पुठ्ठ्याच्या खोक्यातून काढून झाकणाच्या घट्ट डब्यात, आतल्या भिंतीच्या कपाटात, खालचा खण सोडून कुठेही. पुठ्ठा हवेतली ओल ओढून घेतो आणि आतल्या कागदांना देतो.

रिमाइंडर लिहायचा कसा

रिमाइंडरमध्ये नुसतं 'गच्ची' लिहिलं तर तुम्ही तो पुढे ढकलाल. त्यात काय करायचं, सोबत काय न्यायचं आणि काय दिसलं म्हणजे झालं, हे तिन्ही लिहा. आणि शनिवारी सकाळचा नको, गुरुवारी रात्रीचा लावा, म्हणजे शुक्रवारी ठाण्यात सामान घेता येतं. उदाहरणादाखल माझ्याकडच्या तीन ओळी:

'एप्रिल, दुसरा गुरुवार: चिकणमाती, परात, खडू. शनिवारी तुकडा भरणे. परातीइतकंच पाणी उतरलं तर पास.'

'एप्रिल, चौथा गुरुवार: प्लास्टिक, चिकटपट्टी. शनिवारी संध्याकाळी लावणे, रविवारी सकाळी बघणे. दव असेल तर कोटिंग एक आठवडा पुढे.'

'मे, दुसरा गुरुवार: चिकणमाती, परात, तीन बादल्या, घुमटी जाळी. बांध पुन्हा, परातीइतकंच पाणी उतरलं तर पास. पाइपाच्या तोंडाशी तीन बादल्या, पाणी न साठता गेलं तर पास.'

दुसऱ्या ओळीतलं 'तर पुढे' महत्त्वाचं आहे. तारीख आली म्हणून कोटिंग मारायचं नाही. एक आठवडा घसरला तरी २० मे गाठता येते, कारण सातवी फेरी फक्त सामानाची आहे आणि ते आईवडील तुमच्याशिवायही थोडंफार करू शकतात.

दोन रिमाइंडरना तारीखच नसते. पहिला, पहिल्या जोरदार वळवानंतर दुसऱ्या दिवशीचा. उन्हाळाभरची धूळ, पानं आणि पक्ष्यांची घरटी त्या एका सरीत पाइपाच्या तोंडाशी येऊन बसतात. मेमध्ये साफ केलेला पाइप जूनच्या पहिल्या आठवड्यात तुंबतो तो असा. दुसरा, पाऊस लागल्यावर दर पंधरा दिवसांनी जाळी बघण्याचा. या दोन्हींसाठी वडिलांना गच्चीवर पाठवू नका, शेवाळ धरलं की पाय टिकत नाही. त्यांना फक्त एक सवय सांगा. जोराचा पाऊस चालू असताना ओट्यावरून पाइपाचं खालचं तोंड बघायचं. तिथून धो धो पाणी येत असेल तर ठीक. पाऊस जोरात आणि पाइपातून करंगळीएवढी धार, तर तुम्हाला फोन. कठड्यातल्या छोट्या पाइपातून पाणी पडायला लागलं तर लगेच फोन, आणि शेजारच्या तरुण माणसाला वर पाठवायचं.

शेवटचा रिमाइंडर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याला लावा. पाऊस ओसरत आलेला असतो, डागांच्या ओल्या कडा अजून स्पष्ट असतात. त्याच वेळी अंतरं मोजून फोटो काढून ठेवा. दिवाळीला रंग लागला की त्या कडा झाकल्या जातात आणि पुढच्या एप्रिलमध्ये तुम्हाला खडूची फुली कुठे मारायची ते कळत नाही. कोबा फोडायचा ठरला तर ठेकेदाराला हेच फोटो दाखवून नोव्हेंबरचं काम ठरवा.

पहिल्या चाचणीत परातीचं आणि तुकड्याचं पाणी किती उतरलं ते इथे कळवा, सोबत कठड्याच्या मुळाचा जवळून काढलेला फोटो टाका. त्यावरून सीलंट लागेल की नुसत्या वाट्याने भागेल ते सांगतो.